अकाउंट्समध्ये मे महिना, मीटिंग रूममध्ये महाबळेश्वर

आमच्या ऑफिसात एकाच मजल्यावर दोन ऋतू सुखाने नांदतात. अकाउंट्सवाले फायलीने वारा घेत हिशेब करतात आणि वीस पावलांवर मीटिंग रूममध्ये साहेब शाल पांघरून टार्गेट सांगतात. छतातल्या दोन्ही फॅन कॉइलना पाणी मात्र एकाच चिलरचं, साधारण सात अंशांचं.

अकाउंट्सने थर्मोस्टॅट सोळावर नेला. जणू आकडा ऐकून पाणी घाबरणार! आमचा थर्मोस्टॅट व्हॉल्व्हला ‘उघड’ किंवा ‘मिट’ एवढंच सांगतो. चोविसाला पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह सोळाला आणखी कुठे उघडणार? मग ॲडमिनने थर्मोस्टॅटवर कुलपाची पेटी बसवली. उकाडा पेटीबाहेरच राहिला.

शेवटी शिडी घेऊन मेस्त्री आले. त्यांना आमचे ई-मेल आले नव्हते, त्यामुळे ते थेट कामाला लागले. फिल्टर साफ, पंखा चालू, व्हॉल्व्ह उघडा. कॉइलला हात लावला तर खाली गार, वर कोमट, आणि आत गुळगुळ. “हवा अडकलीय.” गेल्या रविवारी गळती काढायला लाइन रिकामी केली होती. परत भरताना आत राहिलेली हवा कॉइलच्या वरच्या नळ्यांत जाऊन बसली. खालून सोपी वाट असताना पाणी तिच्याशी कशाला भांडेल? मेस्त्रींनी पंप थोडा वेळ थांबवायला लावला, म्हणजे हवा वर गोळा होते, आणि कॉइलच्या माथ्यावरचा एअर व्हेंट स्क्रूड्रायव्हरने जरा सैल केला. आधी फुस्स, मग थुंकत थुंकत पाणी, मग अखंड धार. व्हेंट बंद. दहा मिनिटांचं काम. (आमच्या यावर तीन बैठका झाल्या होत्या, शालीत.)

“महिन्याभरात परत गुळगुळ झाली, तर नुसतं व्हेंट उघडत बसू नका,” मेस्त्री म्हणाले. “लाइन कुठेतरी गळत असेल. बदली भरलेलं नवं पाणी हवा घेऊनच येतं.”

मीटिंग रूमची तऱ्हा उलटी. पंखा बंद, तरी कॉइलमधून परतणारा पाइप बर्फगार आणि घामाने निथळलेला. खालच्या टाइलवर चहाच्या रंगाचा नकाशा. म्हणजे व्हॉल्व्ह मिटतच नव्हता. मेस्त्रींनी टॉर्च मारला. व्हॉल्व्ह होता, त्याच्या डोक्यावरचा ॲक्च्युएटर गायब! या जातीच्या व्हॉल्व्हमध्ये ॲक्च्युएटर पिन दाबतो तेव्हा पाणी थांबतं. तो काढला की आतली स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडा ठेवते, मग थर्मोस्टॅटने काहीही सांगो.

शोधाशोध झाली. ॲक्च्युएटर ॲडमिनच्याच ड्रॉवरमध्ये निघाला. गेल्या मे महिन्यात साहेबांना उकडलं म्हणून काढलेला. वर चिठ्ठी: ‘तात्पुरते’.