तारीखवाला

विद्यापीठाच्या कुठल्याही विभागात जा, एक तरी तारीखवाला भेटतोच. पीएचडीच्या नोंदणीला तीन-साडेतीन वर्षं झालेली, केसांनी कपाळावरून माघार घ्यायला सुरुवात केलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात पारदर्शक फोल्डर. दुरून तो संशोधक वाटतो. तसा तो आहेही. आमच्या विभागातला तारीखवाला मातीतल्या बुरशीवर काम करतो. पण बुरशी इनक्युबेटरमध्ये ठेवली की निमूट वाढते. चार प्राध्यापक एका खोलीत, एका वेळी उगवतील असं यंत्र अजून निघालेलं नाही. त्या यंत्राचं काम तारीखवाला करतो.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून आपली प्रगती मांडायची आणि छोटा अहवाल द्यायचा. विभागात या समितीला सगळे ‘रॅक’ म्हणतात. मार्गदर्शक हे समितीचे निमंत्रक. म्हणजे कागदोपत्री निमंत्रण सरांचं. फोन, ईमेल, खोली, प्रोजेक्टर आणि चहा-बिस्किटं तारीखवाल्याची.

नवखा विद्यार्थी इथे एक ठरलेली चूक करतो. तो सगळ्यांना एकच ईमेल पाठवतो: “आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही नम्र विनंती.” एक सर कळवतात, सोमवार सोडून कधीही. मॅडम कळवतात, फक्त सोमवार. तिसरे सर सगळ्यांना ‘नोटेड’ एवढंच पाठवतात, आणि त्यांनी नेमकं काय नोट केलं हे कुणालाच कळत नाही. तारीखवाला हा मार्ग केव्हाच सोडून बसलाय, कारण त्याने गणित केलंय. समजा, प्रत्येक सदस्याला आठवड्याच्या सहा दुपारांपैकी दोनच मोकळ्या आहेत. मग ठरावीक दुपारी चौघंही मोकळे असण्याची शक्यता एक्याऐंशीत एक. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दुपारी नव्वद. म्हणजे अख्ख्या सत्रात सरासरी एकच दुपार हाती लागते. “आणि त्या दुपारी,” तो शांतपणे सांगतो, “लाईट जाते.”

म्हणून तो कुणालाही ‘कधी?’ असं विचारत नाही. सगळ्यात अवघड माणसापासून तो सुरुवात करतो. त्याच्या समितीतले एक सर दुसऱ्या गावच्या कॉलेजातले. त्यांना तिथली परीक्षा, पेपर तपासणीचं कॅप, नॅकची तयारी आणि सकाळची एसटी एवढं सगळं सांभाळायचं असतं. त्यांना फोन करून तो दोनच पर्याय ठेवतो.

“सर, गुरुवारी अकरा की शुक्रवारी तीन?”

“अरे, मला कधीही चालेल.”

नवखा इथे आनंदाने फोन ठेवून देतो. तारीखवाल्याच्या अंगावर मात्र काटा येतो, कारण कधीही चालणारा माणूस ऐन वेळी कधीच चालत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

“मग सर, गुरुवार अकरा लिहून घेतो. सकाळची पहिली एसटी मिळेल ना? परतीला साडेतीनची आहे.”

पलीकडे डायरीची पानं वाजतात. “गुरुवारी... थांब. गुरुवारी माझं कॅप आहे रे.”

“म्हणजे शुक्रवार तीन. मुक्कामाचं बघतो सर. टीए बिलाचा फॉर्म आजच पाठवतो.”

बाहेरचे सर एकदा शुक्रवारी अडकले की तो विभागप्रमुख मॅडमकडे जातो आणि “मॅडम, बाहेरचे सर शुक्रवारी येतायत” एवढंच सांगतो. पाहुणा येतोय म्हटल्यावर घरचं माणूस नाही म्हणत नाही. तिसऱ्या सरांना तो “मॅडमनी शुक्रवार ठरवलाय” असं कळवतो. मार्गदर्शकांना सगळ्यात शेवटी सांगतो, कारण पुढची तीन वर्षं तेच त्याच्यावर अवलंबून आहेत, असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

मग अहवालाचा प्रश्न. महिनाभर आधी पाठवला तर तो ईमेलच्या ढिगाऱ्यात गाडला जातो, आणि बैठकीत “तुझा अहवाल आलाच नाही” असं ऐकावं लागतं. आदल्या रात्री पाठवला तर “वाचायला वेळच दिला नाहीस” म्हणून बैठक पुढे जाते. तारीखवाला बरोबर दहा दिवस आधी ईमेल करतो, आणि दोन दिवस आधी स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत स्वतः टेबलावर नेऊन ठेवतो. टेबलावर कुठे, यालाही महत्त्व आहे. बाकीच्या फायलींवर ठेवली तर दुपारपर्यंत ती तळाशी जाते. म्हणून तो सरांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतो.

अहवाल पाच-सहा पानांचा. पहिल्या पानावर तक्ता: डावीकडे मागच्या बैठकीतल्या सूचना, उजवीकडे प्रत्येकीचं काय झालं. हे पान नसेल तर सदस्य तीच सूचना नव्या उत्साहाने परत देतात. पुढे काय झालं, काय राहिलं, का राहिलं आणि येत्या सहा महिन्यांत कुठल्या महिन्यात काय. शेवटच्या पानावर समितीसाठी दोनच प्रश्न: मातीचे नमुने आणखी एका हंगामात घ्यायचे का, आणि आहे त्या माहितीवर पहिला पेपर लिहायला घ्यायचा का. प्रश्न दिले नाहीत तर समिती आपला वेळ शीर्षक बदलण्यात घालवते, आणि शीर्षक बदललं की त्याच्या मंजुरीची वेगळी फाईल पळवावी लागते.

एका आलेखाच्या आडव्या अक्षावर एकक लिहायला तो विसरतो. हे विसरणं तो दर सत्रात आठवणीने करतो. तिसऱ्या सरांना ते पहिल्या पाच मिनिटांत सापडतं, त्यांचा दिवस सार्थकी लागतो आणि पुढे ते सांख्यिकीकडे फिरकत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी त्याला विचारलं होतं. त्याने फेलोशिपचा हिशोब मांडला. जेआरएफचे महिना 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर 42,000. मधे बाहेरच्या तज्ज्ञासह तीन जणांच्या समितीने काम बघून शिफारस करायची असते. त्यांची तारीख जुळेपर्यंत वाढीव पाच हजार लटकलेले राहतात. शिवाय काम समाधानकारक नसेल तर समिती कारणं नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. “पण बैठकच झाली नाही,” तो म्हणाला, “तर काम चांगलं की वाईट, हे कागदावर कुठेच येत नाही. फाईलच्या लेखी मी त्या सत्रात जन्मलोच नव्हतो.”

प्रत्यक्ष बैठक चाळीस मिनिटांत आटोपते. इतिवृत्ताचा मसुदा त्याने आधीच टाईप करून आणलेला असतो; फक्त सूचनांची जागा कोरी. सदस्य बोलतात, तो भरतो, खाली जाऊन प्रिंट काढतो आणि चहा संपायच्या आत सह्या घेतो. कारण उठून गेलेल्या सदस्याची सही म्हणजे पुन्हा एकदा एक्याऐंशीत एक.

नव्याने पीएचडीला बसलेल्यांना तारीखवाला एकच सल्ला देतो, आणि तो फुकट आहे. सगळे सदस्य समोर बसलेले असण्याचा सहा महिन्यांतला हा एकमेव क्षण. सहीसाठी पेन पुढे करतानाच पुढच्या बैठकीची तारीख ठरवून घ्या आणि ती इतिवृत्तात लिहा. ती पुढे बदलणारच. पण बदलायला आधी एक तारीख तर हवी!