पुरीच्या पोटातलं तेल

जामसंड्यात रविवारी सकाळी पुरीभाजी असली की वजनकाटा काढणारा माणूस घरात शहाणा ठरत नाही. "खातंस की तोलतंस?" काकीने विचारलं. दोन्ही करायचं होतं.

पीठ, बटाटा यांचा हिशेब सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम कणकेला साधारण 320 कॅलरी आणि बटाट्याला 70 दिल्या आहेत. घोळ तेलाचा. कच्ची पुरी 19 ग्रॅम भरली, तळलेली 18. म्हणजे तेल शिरलंच नाही? शिरलं, पण त्याहून जास्त पाणी वाफ होऊन उडालं. एकटी पुरी तोलून काही कळत नाही, कढई तोलावी लागते.

दोनशे ग्रॅम कणीक आणि पाच ग्रॅम मोहन एवढ्यात सोळा पुऱ्या झाल्या. तळणीआधी तेलासकट कढई तोलली होती. तळून झाल्यावर ती पूर्ण गार होऊ दिली, कारण गरम कढईने काटा बिघडतो (आणि काकीही). साठ ग्रॅम तेल कमी भरलं. त्यातलं आठ ग्रॅम पुऱ्यांखालच्या कागदाने टिपलं होतं. उरलेलं बावन्न सोळांत वाटलं की पुरीमागे सव्वातीन ग्रॅम येतं. ओट्यावर उडालेले थेंबही यातच धरलेत, तेव्हा खरा आकडा किंचित कमीच. तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे तळणाच्या 29, कणकेच्या 40, मोहनाच्या 3. एकूण 72.

गंमत अशी की पुरी कढईत असते तोवर आतली वाफ तेलाला बाहेर रेटत असते. बाहेर काढल्यावर वाफ निवते, आतला दाब उतरतो आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर, गरम असतानाच निथळणं महत्त्वाचं. गार झाल्यावर कागदाने कितीही दाबा, आत गेलेलं बरंचसं आतच राहतं. लाटताना चीर पडलेली पुरी तर फुगत नाही आणि पोटात तेल भरून घेते. कडेला दाबली की ते बोटांवर येतंच.

पाच पुऱ्यांच्या 360 झाल्या. दीडशे ग्रॅम बटाट्याच्या 105, फोडणीच्या चमचाभर तेलाच्या 45. वर भुरभुरलेलं ओलं खोबरं कोणी मोजत नाही. आपल्याकडे ते पंधरा ग्रॅम सहज पडतं, त्याच्या साठ. बेरीज 570, चहा वेगळा.

पुरीमागे तेलाचा अंदाज एका ग्रॅमने चुकला, तरी पाच पुऱ्यांत फरक 45चा. काकी न विचारता ताटात टाकते ती सहावी पुरी 72ची. तेव्हा हिशेब करायचाच असेल तर तेलाआधी पुऱ्या नीट मोजा.