अनशापोटी दोन पाकळ्या

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात पडला की आमचे अण्णा पहिला फोन डॉक्टरांना करत नाहीत, मावशीला करतात. तिचा उतारा ठरलेला: अनशापोटी लसणीच्या दोन पाकळ्या, चमचाभर भिजवलेली मेथी, आवळ्याचा रस आणि रात्री हळदीचं दूध. गेल्या खेपेला तीन महिन्यांत एलडीएल 168 वरून 150 वर आलं आणि मावशीचा भाव वधारला. त्याच तीन महिन्यांत अण्णांनी फरसाण सोडलं होतं आणि टेकडी चढायला सुरुवात केली होती, पण फरसाणाची बाजू घ्यायला कोणी नव्हतं. शिवाय काहीच न करताही हा आकडा दर तपासणीला थोडा खालीवर होतोच.

कमी कशानं झालं हे ठरवायला लसूण न खाणारेही शेजारी बसवावे लागतात. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी तेच केलं. एलडीएल माफक वाढलेली 192 माणसं, चार गट. एकाला सँडविचमध्ये घालून कच्ची लसूण, दोघांना लसणीच्या वेगवेगळ्या गोळ्या, चौथ्याला लसूण नसलेल्या, नुसत्या दाखवायच्या गोळ्या. रोज साधारण एक पाकळी, आठवड्यातून सहा दिवस, सहा महिने. 2007 मध्ये निकाल छापून आला: लसूण खाणारे आणि न खाणारे यांच्या एलडीएलमध्ये काही फरक नाही. कच्ची लसूण खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी मात्र तोंडाला वास येत असल्याचं सांगितलं. म्हणजे लसणीचा परिणाम झाला, पण शेजाऱ्यावर.

हळदीचीही तीच गत. 2022 मध्ये जाहीर झालेल्या एका अमेरिकन चाचणीत रोसुव्हास्टॅटिनच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीनं 28 दिवसांत एलडीएल सुमारे 38 टक्के उतरलं. हळद, लसूण, दालचिनीच्या कॅप्सूल मात्र खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ‘तिकडच्या लसणीत दम नसेल,’ मावशी म्हणाली.

आवळ्याच्या चाचण्या बऱ्या दिसतात, पण फार छोट्या. मेथीचं प्रकरण खरं गमतीचं. तिच्यातला चिकट तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 1990 च्या अभ्यासात काही मधुमेहींचं कोलेस्टेरॉल मेथीनं खरोखर उतरलं. मात्रा होती रोज 100 ग्रॅम पूड, तीही तेल काढलेली! मावशीच्या चमच्यात जेमतेम चार-पाच ग्रॅम मावते. आणि दाणे टाकून नुसतं पाणी पिणारे तर बराचसा तंतू वाटीतच सोडून येतात.

तरी स्वयंपाकघरातली ही औषधं अगदीच निरुपद्रवी नाहीत. भरपूर मेथीनं साखर उतरते, हे मधुमेहाची गोळी घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना लसणीच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दात काढायला जाताना ते आधी सांगावं. कच्ची खाणाऱ्यांना मात्र, मावशीच्या मते, सांगायची गरज पडत नाही. तोंड उघडलं की दंतवैद्याला कळतंच.