वहिनींचं मेतकूट आणि वर्ग 30

मराठी माणूस धंद्यात उतरत नाही, ही अफवा आहे. तो उतरतो. फक्त दुकानाचं नाव ठरेपर्यंत घरात दोन तट पडतात आणि भांडवलातला बराचसा भाग चहावर खर्च होतो.

आमच्या वहिनींनी गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लिंबाचं लोणचं ऑनलाइन विकायचं ठरवलं, तेव्हा मसाल्याच्या प्रमाणावर कुणी एक शब्द बोललं नाही. नावावर मात्र सगळे बोलले. आमच्या घराण्यात प्रत्येकाला नाव सुचतं, आणि प्रत्येकाला सुचलेलं नाव आधीच कुणाला तरी सुचलेलं असतं.

दादांनी छत्रपतींच्या नावाचा प्रस्ताव मांडला. भावना उत्तम होती. पण 1950 सालचा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणारा एक कायदा आहे आणि त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही, ट्रेडमार्क म्हणून तर नोंदवताच येत नाही. "मग गल्लोगल्ली पाट्या कशा आहेत?" असं दादा म्हणाले. पाट्या आहेत, हे खरं. गल्लीत कुणी तक्रार करत नाही. ऑनलाइन बाजारात मात्र तक्रारीचं बटण असतं, आणि ते दाबायला प्रतिस्पर्ध्याला चप्पलही घालावी लागत नाही.

आत्यांनी 'श्री गजानन महिला गृहउद्योग' सुचवलं. देवाच्या नावाला आडवं कोण येणार, हा त्यांचा हिशोब. आडवं कुणी येत नाही, तोच घोटाळा आहे. 'रामायण' हे नाव एका उदबत्तीवाल्याला हवं होतं, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2015 साली निकाल लागला की पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्याची मक्तेदारी चालणार नाही. तेव्हा गजाननाच्या नावानं दुकान उघडा, पण शेजारच्यानं तेच उघडलं तर ब्र काढू नका. शिवाय माझ्या पुतणीनं क्रोशाची तोरणं विकायला हेच नाव एट्सीवर टाकून पाहिलं. तिथं दुकानाचं नाव चार ते वीस अक्षरांचं लागतं, मधे जागा चालत नाही. रोमन लिपीत नाव घुसवता घुसवता विसाव्या अक्षरापाशी ते ShriGajananMahilaGri असं अडकलं. 'उद्योग' बाहेरच राहिला.

वहिनींचा स्वतःचा आग्रह साधा होता. 'शुद्ध घरगुती मसाले'. ऐकताच कळतं की आत काय आहे. आणि ऐकताच कळतं, म्हणूनच ते नोंदणीला बाद आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम सांगतं की मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव सांगणारा शब्द एकट्याच्या नावावर करता येत नाही, तोच वर्षानुवर्षं वापरून लोकांच्या तोंडी बसला असेल तर गोष्ट वेगळी. 'शुद्ध' सगळ्यांचंच असतं, निदान पाकिटावर तरी. घरच्यांना जे नाव पटकन आवडतं ते कायद्याला सहसा आवडत नाही, कारण घरचे नावात माल शोधतात आणि कायदा नावात मालक शोधतो.

इथं आमच्या पुतण्यानं सूत्रं हाती घेतली. हा इंजिनिअर. त्याचा उपाय असा की एका प्रसिद्ध मसाल्याचं नाव घ्यायचं आणि त्यातलं एक अक्षर बदलायचं. "स्पेलिंग वेगळं म्हणजे ब्रँड वेगळा, काकू."

या विद्वानाला मी अमृतधारेची गोष्ट सांगितली. पोटदुखी-डोकेदुखीवरचं हे जुनं औषध. कानपूरच्या एकानं त्याच गुणाचं 'लक्ष्मणधारा' काढलं आणि नोंदणीला अर्ज केला. अमृत कुठं, लक्ष्मण कुठं! पण 1962 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दोन नावं शेजारी ठेवून अक्षरं मोजू नका. गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवा. ते शहरातलं असेल, खेड्यातलं असेल, शिकलेलं असेल वा नसेल. बुद्धी बेताची, आठवण अर्धवट. दुकानात उभं राहून त्याला फक्त '...धारा' आठवतं. म्हणून नावं फसवी सारखी ठरली. पुढची गंमत अशी की अमृतधारेवाले ही लक्ष्मणधारा बाजारात विकली जाताना वर्षानुवर्षं गप्प बसले होते, तेवढ्यामुळे तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. ऑनलाइन दुकान उत्तर प्रदेशापुरतं कसं चालवायचं, याचं उत्तर पुतण्याकडे नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं, म्हणजे शोध. सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. मालाचा वर्ग टाकायचा, शब्द टाकायचा. वहिनींच्या मनात 'सुगरण' होतं. त्यांनी Sugran टाकलं आणि निकाल चाळून "आपल्यासारखं काही नाही हो" असं जाहीर केलं. मराठी माणसाची अडचण इथंच आहे. आपला एकच शब्द रोमन लिपीत चार प्रकारे लिहिला जातो. Sugran, Sugaran, Sugarann, Soogran. आधीच्या अर्जदारानं यातलं कुठलं लिहिलं असेल, ते त्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांवर अवलंबून. म्हणून अक्षरांचा शोध झाला की उच्चाराचा, Phonetic म्हणतात तो, वेगळा करायचा. शिवाय शब्दाचा तुकडाही Contains लावून पाहायचा, कारण तुमचं 'सुगरण' कुणाच्या तरी 'सुगरणमाई'त बसलेलं असू शकतं.

निकालात प्रत्येक नावापुढे स्थिती लिहिलेली असते आणि लोक घसरतात ते तिथं. Objected दिसलं की वहिनींचा चेहरा खुलला. आक्षेप आला म्हणजे संपला बिचारा! तसं नसतं. Objected म्हणजे परीक्षकानं शंका काढली आहे आणि अर्ज जिवंत आहे. Abandoned म्हणजे मात्र अर्ज सोडून दिलेला. पण अर्ज सोडला म्हणजे धंदा सोडला असं नाही. आपल्याकडे आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा असतो, कागद नसला तरी. सांगलीत कुणी वीस वर्षं त्या नावानं मसाला विकत असेल, तर तुमचं नवं कोरं प्रमाणपत्र त्याला थांबवू शकत नाही. म्हणून सरकारी शोधानंतर गुगल, विक्रीची संकेतस्थळं, इन्स्टाग्राम आणि जमलं तर एखादा किराणावाला, सगळ्यांना विचारावं.

आता पैशांचं. मसाला, भाजणी, मेतकूट हे वर्ग 30 मध्ये. लोणचं वर्ग 29 मध्ये. ऑनलाइन दुकान ही सेवा, ती वर्ग 35 मध्ये. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये. तिन्ही घेतले तर 13,500. दादा खवळले. "लोणचं आणि मसाला एकाच फळीवर असतात, सरकारला वेगळे कसे दिसतात?" अखेर वर्ग 30 आधी, लोणचं नंतर, असा तह झाला. लोणच्याला तसाही मुरायला वेळ लागतो.

एवढा कुटाणा कशासाठी, असं वाटणाऱ्यांसाठी 2020 सालची एक बातमी. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं 'खादी' या नावाच्या बेकायदा वापरावरून तक्रारी केल्या आणि अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील यांना 160 हून जास्त विक्रीची पानं उतरवावी लागली. त्या विक्रेत्यांपैकी कित्येकांना खादी हे कापडाचं नाव वाटत असणार, ब्रँड नव्हे.

विक्रीचं संकेतस्थळ न्यायाधीश नसतं. त्याला कायद्याचं संरक्षण हवं असतं, म्हणून तक्रार आली की ते आधी माल उतरवतं आणि मग विचार करतं, केलाच तर. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी भाजणीच्या शीर्षकात एका नामांकित ब्रँडचं नाव घालून 'च्या चवीची' असं लिहिलं होतं. रात्री मेल आला, सकाळी पान गायब. काकूंचा समज असा की आपणही उलट नोटीस देऊ. पण उलट नोटिशीची सोय सहसा कॉपीराइटच्या तक्रारीला असते. ट्रेडमार्कच्या तक्रारीत संकेतस्थळ म्हणतं, तक्रारदाराकडून माघारीचं पत्र आणा. म्हणजे ज्यानं मारलं त्याच्याकडूनच 'लागलं नाही' असा दाखला आणायचा.

अ‍ॅमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीत जायचं असेल तर नोंदणी झालेला किंवा निदान अर्ज केलेला ट्रेडमार्क लागतो. नाव अर्जात जसं आहे तसंच हवं, जागा आणि अक्षरांसकट. आणि ते पाकिटावर कायमचं छापलेलं दिसलं पाहिजे. वहिनींनी घरच्या प्रिंटरवर काढून डिंकानं लावलेली चिठ्ठी चालत नाही. एवढं जमत नसेल तर ब्रँडच्या रकान्यात Generic लिहा आणि गप्प विका. हे कमीपणाचं नाही. दादांना मात्र फार लागलं. घराण्याला Generic म्हटल्यासारखं वाटलं त्यांना.

वहिनींनी शेवटी एक शब्द रचला. त्याला अर्थ नाही, मसाल्याशी संबंध नाही, आत्यांना तो आवडलेला नाही. तो मी इथं सांगणार नाही, कारण हे सदर पुतण्यासारखे लोकही वाचतात. लेबलं छापायच्या आधी वर्ग 30 मध्ये अर्ज गेला. नावापुढे ™ लावलं आहे. ® लावायला पुतण्या निघाला होता, पण नोंदणी होण्याआधी ते लावणं बेकायदा आहे आणि दंड होतो. परीक्षकाचा आक्षेप आला तर 30 दिवसांत उत्तर द्यायचं आहे. तो टप्पा पार पडला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येईल आणि चार महिने जगातल्या कुणालाही विरोध करता येईल. मिळाली तर नोंदणी दहा वर्षांची, तीही अर्जाच्या तारखेपासून.

अर्जाची स्थिती आज सकाळी पाहिली. Formalities Chk Pass असं लिहून आलं आहे. मेतकूट मात्र संपलंय, पुढच्या आठवड्यात नवं होईल.