गळालेल्या टाक्याची कैफियत

दोन सुयांवर लोकर विणणाऱ्या मंडळींत, माझ्या अवलोकनाप्रमाणे, दोन पंथ आहेत. पहिला पंथ उसवणाऱ्यांचा. एखादा टाका सुईवरून निसटून आठदहा ओळी खाली घसरलेला दृष्टीस पडला, की या पंथातील व्यक्ती एक दीर्घ निःश्वास सोडते, सुई ओढून काढते, आणि ज्या एका टाक्याने आगळीक केली त्याच्यापायी शेकडो निरपराध टाक्यांना देशोधडीला लावते. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे की, अपराध ज्याचा त्याचीच चौकशी व्हावी, तीही जागेवर व्हावी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना साक्षीपलीकडे तोशीस पडू नये. मी या दुसऱ्या, अल्पसंख्य परंतु कडव्या पंथाचा अनुयायी आहे.

महसूल खात्यात जन्म घालवलेल्या मनुष्याचा लोकरीशी संबंध कसा आला, हे सांगितले पाहिजे. १९६२ साली चिनी आक्रमणाच्या वेळी जवानांसाठी घरोघरच्या स्त्रिया स्वेटर विणू लागल्या, तेव्हा आमच्या घरातील एकही हात रिकामा राहता कामा नये असा गृहखात्याचा हुकूम सुटला, आणि त्या हुकमाची तामिली करता करता मी सुलट-उलट शिकलो. पुढे युद्ध थांबले. हुकूम मात्र कोणी रद्द केला नाही, आणि रद्द न झालेला हुकूम अमलात असतो, हे मला खात्यानेच शिकवले होते.

तर आता मूळ प्रकरणाकडे वळू. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा क्रमाने विणत गेले असता जे सपाट कापड तयार होते, त्याच्या दर्शनी बाजूस टोकदार खुणांचे उभे रकाने दिसतात आणि पाठीमागे आडव्या उंचवट्यांच्या रांगा दिसतात. या कापडात प्रत्येक टाका आपल्या खालच्या टाक्यातून वर आलेला असतो, आणि त्याच्या वरचा टाका त्याच्यातून गेलेला असल्यामुळे तो जागेवर राहतो. म्हणजे वरचा टाका हा खालच्याचा जामीन. सर्वांत वरच्या टाक्याला जामीन नसतो, म्हणून त्याला सुईच्या कैदेत ठेवतात. तो कैदेतून निसटला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्याही खालचा, आणि असा तो सबंध रकाना वरून खाली सुटत जातो. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उजवीकडच्या आणि डावीकडच्या रकान्यांचे जामीन शाबूत असल्यामुळे ते तसूभरही हलत नाहीत. आणि सुटलेल्या प्रत्येक टाक्याची लोकर कोठेही नाहीशी न होता त्या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये आडवी पसरून राहते. नऊ ओळी सुटल्या तर नऊ आडवे धागे, एकावर एक, ज्या क्रमाने विणले गेले त्याच क्रमाने शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात. मुद्देमाल सगळा घटनास्थळीच असतो. उसवणाऱ्या पंथाला नेमके हेच ठाऊक नसते.

माझ्या सौभाग्यवतींच्या मावशी या त्या पंथाच्या अध्वर्यू. गेल्या हिवाळ्यात त्या आमच्याकडे मुक्कामास असता नातवासाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणत होत्या. १० नंबरच्या सुया, पाठीचा भाग, ८८ टाके, आणि काम मुंढ्याच्या जवळ येऊन ठेपलेले. उलट ओळ पुरी करून त्या देवाला दिवा लावण्यास उठल्या, आणि ज्याच्यासाठी हा सारा उद्योग चालला होता त्या लाभार्थ्याने ‘माझा स्वेटर, माझा स्वेटर’ असा घोष करीत त्या कापडाचे खालचे टोक धरून ओढले. सुई अर्धवट बाहेर आली. मावशी परत आल्या, त्यांनी निसटलेले टाके पुन्हा सुईवर घेऊन सगळे मोजले, ते ८७ भरले. एकतिसाव्या टाक्याच्या जागी खिंडार होते आणि नऊ ओळी खाली एक एकटा टाका आ वासून उभा होता.

“जावईबापू,” मावशी खिन्न स्वराने म्हणाल्या, “आता उसवायलाच हवं.”

“मावशी, नऊ ओळी उसवायच्या म्हणजे सातशे ब्याण्णव टाके जातील,” मी अदबीने अर्ज गुजारला. “आणि बिघडलेले आहेत फक्त नऊ.”

“पण जे चुकलं ते मुळापासून काढलेलं बरं,” मावशी म्हणाल्या. तत्त्व म्हणून हे वाक्य निर्दोष आहे. मात्र त्याची अंमलबजावणी दुसऱ्यांच्या टाक्यांवर होते, हा त्याचा दोष.

प्रथम मी त्या एकट्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवून त्याला स्थानबद्ध केले. हे अगोदर करावे, चर्चा मागाहून करावी. खरी लोकर खरबरीत असल्यामुळे टाका थोडा धीर धरतो. पण कृत्रिम लोकर, सूत किंवा रेशीम गुळगुळीत असते, आणि त्यात वादविवाद चालू असताना टाका आणखी चार ओळी खाली उतरतो.

नंतर पुराव्याची तपासणी. त्या शिडीतले नऊही धागे ढिले आणि नागमोडी होते. विणलेल्या लोकरीला टाक्याचा बाक लागतो आणि सुटल्यावरही तो काही काळ तिच्या अंगात राहतो; त्यामुळे धाग्याला अशी वळणे असली की समजावे, याचा येथे टाका होता आणि तो परत घडविण्याइतकी लोकर जागेवर आहे. निकालाचा सारा कल या एका पुराव्यावर अवलंबून असतो, हे पुढे दिसून येईलच.

सुलट बाजू माझ्याकडे येईल असे काम धरून मी तीस टाके सुलट विणले आणि बरोबर त्या खिंडाराच्या तोंडाशी थांबलो. मग सौभाग्यवतींच्या डब्यातून क्रोशाची सुई मागवली. ती विणण्याच्या सुईपेक्षा किंचित बारीक असावी. जाड असली तर नवे टाके शेजाऱ्यांहून ढगळ होतात, आणि फारच बारीक असली तर धाग्याच्या पदरात शिरून तो चिरते.

कृती एवढीच. क्रोशाची सुई समोरून मागे त्या एकट्या टाक्यात घालावी आणि पिन काढावी. शिडीचा सर्वांत खालचा धागा टाक्याच्या मागे असला पाहिजे. तो आकड्यात धरावा आणि टाक्यातून पुढे ओढून घ्यावा. जुना टाका सुईवरून आपोआप उतरतो आणि नवा टाका तिच्यावर बसतो. एक ओळ वर चढली. आता त्याच्या वरचा धागा, मग त्याच्याही वरचा. क्रम मोडायचा नाही, ज्येष्ठता डावलायची नाही. ज्या खात्यात मी आयुष्य घालवले तेथे बढत्या जर याच नियमाने झाल्या असत्या, तर मी मामलेदार होऊन निवृत्त झालो असतो; पण तो विषय वेगळा.

मावशी चष्मा पुसून पाहत होत्या. पाचव्या धाग्यापाशी त्यांनी विचारले, “मधला एखादा राहिला तर?” प्रश्न मार्मिक होता. राहिलेला धागा ओरडत नाही; समोरून रकाना अखंड दिसतो आणि अपहार लपून जातो. परंतु काम पालथे केले की पाठीमागे तो धागा कोणत्याच टाक्यात न अडकता सुटा आडवा लोंबताना दिसतो. म्हणून आरंभी धागे मोजावे, शेवटी पाठ तपासावी, आणि हिशेब जुळला नाही तर तो एकच रकाना त्या धाग्यापर्यंत पुन्हा खाली सोडून नव्याने वर यावे. ज्या अपघाताने घरात हलकल्लोळ झाला, तोच अपघात स्वहस्ते मुद्दाम करताना मनुष्याला फार भारदस्त वाटते.

नववा धागा वर आल्यावर शिडी संपली. आता टाका डाव्या सुईवर चढवायचा, आणि येथे पुष्कळ जण घाईत घसरतात. टाक्याला दोन पाय असतात. सुईवर स्वार झालेल्या टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूस आणि डावा मागच्या बाजूस असावा. उलट बसला तर विणल्यावर त्याचे पाय बुडाशी एकमेकांवर तिढा घालतात आणि त्या जागी एक बारीकशी गाठ बसल्यासारखी कायम दिसत राहते. टाका नीट बसला. मी तो सुलट विणला आणि पुढची ओळ मावशींच्या स्वाधीन केली. मोजणी ८८ भरली.

मावशींनी कापड उजेडाकडे धरून बोट ठेवले. “हा रकाना जरा घट्ट दिसतोय.” दिसत होता खरा. पुनर्वसित टाके आणि मूळचे रहिवासी यांच्यात प्रारंभी लोकरीची वाटणी सारखी नसते; सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्याचा पाय हलकेच उचलून थोडी लोकर इकडे, थोडी तिकडे सरकवावी, आणि उरलेला तंटा धुण्यावर सोपवावा. खऱ्या लोकरीचे कापड ओले करून, पिळून न काढता, सपाट वाळत घातले म्हणजे टाके आपसात समेट करतात. कृत्रिम लोकर अशा समेटाला सहसा तयार होत नाही, तिथे सुईनेच पुरे काम करावे लागते.

आता दुसऱ्या पक्षाची बाजू मांडली नाही तर हा निवाडा एकतर्फी ठरेल. चार दिवसांनी शेजारच्या एक वहिनी आपला स्वेटर घेऊन माझी कीर्ती ऐकून आल्या. त्यांचाही टाका खाली राहिला होता. परंतु तो राहिल्याचे न कळता त्यांनी त्याच्यावर चौदा ओळी एका टाक्याने कमी अशा विणून काढल्या होत्या. मी पाहिले तर त्या टाक्याच्या डोक्यावर शिडी नव्हतीच. दोन्ही शेजाऱ्यांनी मोकळी जागा दाबून आपली हद्द एकमेकांस भिडवली होती, आणि त्यांच्यामधले धागे आखूड, ताठ होते. त्या चौदा ओळींत या टाक्याच्या वाट्याची लोकर कधी पडलीच नव्हती. असे धागे ओढून रकाना उभारला, तर ती लोकर शेजाऱ्यांच्या खिशातून येते. दोनतीन ओळींची उणीव अशी निभते, चौदा ओळींची निभत नाही, कापडावर उभी चुणी पडते आणि धुण्यानेही ती जात नाही. मी वहिनींना उसवण्याचा सल्ला दिला. मावशी शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या मुद्रेवरचे समाधान मी इतमामाने सहन केले.

तेव्हा वाचकहो, टाका गळाला तर प्रथम पिन लावा, मग त्याच्या डोक्यावरचे धागे पाहा. धागे ढिले आणि नागमोडी असतील तर क्रोशाची सुई मागवा. ताठ आणि आखूड असतील, आणि ओळी पुष्कळ असतील, तर निमूटपणे उसवा. आणि हे दोन्ही करण्यापूर्वी ज्याच्यासाठी स्वेटर चालला आहे, त्याला खोलीबाहेर काढा.