मंडळ कुठलं, गणपतीचं?

भाच्याला हैदराबादेत नोकरी लागली. कंपनीच्या फॉर्मात गावचा पत्ता भरताना 'मंडल' असा रकाना आला. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. पोरगं येळ्ळूरचं. मंडळ म्हणजे गणपतीचं, एवढंच त्याला ठाऊक. आमच्या गल्लीच्या मंडळाचं नाव ठोकून मोकळा झाला.

हसू नका, चूक शब्दाचीच आहे. महाराष्ट्रात मंडळ अधिकारी म्हणजे जुना सर्कल: तलाठ्याच्या वर, तहसीलदाराच्या खाली. हेच मंडल तेलंगणात एक पायरी वर चढतं आणि तिथं खुद्द तहसीलदार बसतो. 1985 साली एन. टी. रामाराव यांनी आंध्रातले तालुके मोडून हजाराहून जास्त मंडलं केली, कचेरी लोकांच्या जवळ यावी म्हणून. आकाराने लहान, पण मान तालुक्याचा. तेव्हा भाच्याला सांगितलं, बाबा, तिथं आपला तालुका लिही, 'बेळगाव'.

पुढच्या आठवड्यात दुसरा फॉर्म, रकाना 'ब्लॉक'. पठ्ठ्याने फ्लॅटचा नंबर लिहिला! हा ब्लॉक 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास योजनेबरोबर आला. मराठीत त्याचा गट झाला आणि गटविकास अधिकारी जन्मला. जमिनीचा कागद तहसीलदाराकडे, घरकुलाचा गटाकडे. महाराष्ट्रात दोघांची हद्द बहुधा एकच, म्हणून गोंधळ कळून येत नाही. उत्तर प्रदेशात मात्र एका तहसिलीत अनेक ब्लॉक असतात. तिथं एकाच्या जागी दुसरा लिहिला की कागद भलत्याच टेबलावर.

आणि तालुक्याचा साहेब तहसीलदार कसा, हे कुणी विचारत नाही. 'तालुकदार' म्हणावं, तर ते अवधचे जमीनदार. आमची म्हातारी माणसं अजून 'मामलेदार कचेरी' म्हणतात, मुंबई राज्यातली सवय. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला, एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. पुढे महाराष्ट्रातही मामलेदाराचा तहसीलदार झाला. मामलेदार उरला तो गोव्यात, गुजरातेत आणि ठाण्याच्या मिसळीत.

आमच्या उताऱ्यावर आणखी एक पायरी आहे: जिल्हा, तालुका, होबळी, मग गाव. ही होबळी म्हणजे जुन्या म्हैसूरची देणगी. मुंबई राज्यातल्या आमच्या आजोबांना ती माहीत नव्हती. इकडे त्याच पायरीला लोक सर्कल म्हणतात, आणि सर्कल म्हटलं की बेळगावकराला आठवतो चन्नम्मा सर्कल.

भाचा वैतागून म्हणाला, "मामा, एवढं गावाच्या पाटीवर तरी लिहायचं होतं!" 2014 साली ज्या पाटीपायी गावाने लाठ्या खाल्ल्या, तिच्यावर लिहिलं होतं 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर'. राज्य होतं, गाव होतं. तालुका कुणाला आठवलाच नव्हता.