अर्जुनाला हाक कशी मारावी : होतकरू महाकवींसाठी प्राथमिक मार्गदर्शन

महाकाव्य रचायला बसण्याआधी लेखनिकाच्या अटी नीट वाचून घ्या. व्यासांनी गणपतीला महाभारत लिहून घ्यायची विनंती केली, तेव्हा त्यानं अट घातली की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट टाकली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, आणि अधूनमधून असा एखादा गाठीचा श्लोक सांगितला की गणपतीला विचार करावा लागे. तेवढ्या अवधीत व्यासांचे पुढचे श्लोक जुळत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा संपादक सुकथनकरांनी आदिपर्वात हा प्रसंग मूळ संहितेतून उचलून परिशिष्टात ठेवला, कारण तो मागाहूनचा आहे. पण त्यातली अडचण खरी आहे. पूर्वी सूत लोक सभेत कथा सांगत. पुढची ओळ सुचेपर्यंत समोरचे राजेरजवाडे ताटकळत बसणार नाहीत. गाठीचे श्लोक ही व्यासांची मिरास; नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये. तुमच्यासाठी सोपा उपाय आहे : नायकाला एकाच नावानं हाक मारू नका.

साहित्य फार लागत नाही. एक अनुष्टुभ छंद आणि प्रत्येक पात्राची पाच-दहा नावं. छंदाचा नियम शाळेत घोकला असेलच. आठ अक्षरांचा चरण, असे चार. पाचवं अक्षर सगळीकडे लघु, सहावं गुरू. सातवं मात्र दुसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे सम चरणांत लघु, आणि पहिल्या-तिसऱ्या विषम चरणांत गुरू. आठवं कसंही चालतं. (विषम चरणात विपुला म्हणून काही सवलती आहेत. सध्या त्या मागू नका.) म्हणजे पहिली चार अक्षरं बरीचशी मोकळी आणि नियमाचा सगळा जाच शेवटच्या चारांवर. नवशिक्या घसरतो तो तिथेच.

आता प्रत्यक्ष कृती. समजा, अर्जुन रथात उभा राहिला एवढंच सांगायचं आहे. ‘रथे तस्थौ’ म्हणा. चार अक्षरं झाली, चार उरली. चरण सम आहे, तेव्हा हवं आहे लघु, गुरू, लघु आणि एक कसलंही. ‘धनंजयः’ म्हणून पाहा. ध लघु, नं गुरू, ज लघु, यः काहीही. बसलं. आता अर्जुनाला खाली उतरवा आणि भीमाला चढवा. ‘भीमः’ दोनच अक्षरांचा, पण ‘वृकोदरः’ अगदी त्याच मापाचा आहे. ‘युधिष्ठिरः’ तोच, ‘जनार्दनः’ही तोच. एका अर्ध्या वाक्यात आख्खा पांडवपक्ष सारथ्यासकट उभा राहतो आणि तुम्हाला डोकं खाजवावं लागत नाही.

मग दुर्योधनाची पाळी येते आणि चरण लंगडतो. ‘दुर्’ गुरू आहे, आणि पाचव्या जागी गुरू चालत नाही. पण त्याला ‘सुयोधनः’ म्हटलं की लघु, गुरू, लघु पुन्हा बिनचूक. धर्मराज मनाचा मोठा म्हणून चुलतभावाला सुयोधन म्हणे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुठे कुठे तसं असेलही. पण हे नाव निवेदकाच्या तोंडीही येतं, आणि निवेदकाला दुर्योधनाची भीड बाळगायचं काही कारण नव्हतं. आधी माप घ्यावं, मग शील तपासावं.

चरण विषम असेल तर ही सगळी नावं अडतात, कारण आता सातवं अक्षर गुरू हवं. त्यासाठी ‘महाबाहुः’ ठेवलेला आहे : लघु, गुरू, गुरू. कृष्णासाठी त्याच मापाचा ‘हृषीकेशः’ आहे, अर्जुनासाठी ‘गुडाकेशः’. ‘महाबाहू’ कुणालाही चालतो. गीतेत कृष्ण अर्जुनाला तसं म्हणतो आणि अर्जुन कृष्णालाही. मात्र फुकट मिळणाऱ्या गोष्टीची नवशिक्याला चटक लागते. प्रत्येक श्लोकात महाबाहू दिसू लागले, तर नियमाच्या मापात बसूनही काव्य बसत नाही.

हे सगळं खोटं वाटत असेल तर घरातली गीता काढा. अर्थ वाचू नका, फक्त हाका शोधा आणि त्या चरणात कुठे पडतात ते पेन्सिलीनं खुणावत जा. ‘महाबाहो’ अनुष्टुभात आली की विषम चरणाच्या टोकाला सापडेल. ‘परंतप’ आणि ‘धनंजय’ सम चरणाच्या टोकाला. ‘भारत’ही सम चरणाच्याच टोकाला, पण ती तीन अक्षरांची जागा भरते; म्हणून तिच्या आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर लघु सापडतं. चार अक्षरं उरली तर परंतप, तीन उरली तर भारत. सुताराच्या डब्यात जसे वेगवेगळ्या लांबीचे खिळे, तशी ही नावं.

तीन अक्षरांच्या जागेत ‘अर्जुनः’ही मावतो, पण त्याची खोड अशी की तो स्वरानं सुरू होतो. आधीचा शब्द स्वरान्त असला की संधी होते, एक अक्षर गडप होतं आणि हिशेब चुकतो. अशा वेळी ‘फाल्गुनः’ किंवा ‘पाण्डवः’ घ्या. माप तेच, सुरुवात व्यंजनानं. विराटपर्वात राजपुत्र उत्तर विचारतो की तू खरा अर्जुन असशील तर तुझी दहा नावं सांग, आणि अर्जुन ती कारणांसकट सांगतो. वाचकाला तो ओळख पटवण्याचा प्रसंग वाटतो. तुम्ही तो हत्यारांच्या यादीसारखा वाचावा.

एकदा छंद बदलला की डबाही बदलावा लागतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप दिसतं आणि अनुष्टुभ सोडून अकरा अक्षरांचा त्रिष्टुभ सुरू होतो. त्याच्या शेवटी गुरू, लघु, गुरू आणि एक कसलंही, अशी चार अक्षरं लागतात. तिथे धनंजय बसूच शकत नाही. मग कृष्ण काय म्हणतो? ‘सव्यसाचिन्’. सव् गुरू, य लघु, सा गुरू. हेच नाव अनुष्टुभच्या टोकाला ठेवून पाहा, पाचव्या अक्षरालाच ठेच लागते. आता दोन्ही हातांनी बाण मारणाऱ्याला ‘तू नुसता निमित्त हो’ असं सांगण्यात अर्थाचीही गंमत आहे, आणि ती मी नाकारत नाही. चांगला कवी मापात बसणाऱ्या नावातूनही अर्थ काढून घेतो. माझा आक्षेप फक्त त्या टीकाकारांवर आहे, ज्यांना प्रत्येक ‘परंतप’मागे गूढ हेतू दिसतो.

ही युक्ती आपल्याच पूर्वजांना सुचली असं समजून छाती फुगवू नये. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं 1928 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात होमरच्या विशेषणांची अशीच मोजदाद केली होती. अकिलीसला ‘चपळ पायांचा’ म्हणायचं, ‘दिव्य’ म्हणायचं की दोन्ही, हे त्याच्या धावण्यावर नव्हे तर ओळीत किती जागा उरली यावर ठरतं, असं त्यानं दाखवलं. म्हणून अकिलीस रुसून तंबूत बसून असला तरी चपळ पायांचाच राहतो, आणि ओढून किनाऱ्यावर ठेवलेली जहाजंही वेगवानच. एका नायकाला एका मापाच्या जागेसाठी साधारणपणे एकच विशेषण, अशी काटकसर. तिला तडेही आहेत : हेरा देवीची ‘गाईच्या डोळ्यांची’ आणि ‘गोऱ्या बाहूंची’ ही दोन्ही वर्णनं ओळीच्या त्याच जागेत तंतोतंत बसतात.

पुढे 1933 ते 1935 या काळात पॅरीनं युगोस्लाव्हियात जाऊन एकतारी गुस्ले वाजवत वीरकथा गाणारे गायक ऐकले. अव्दो मेजेदोविच या गायकानं 12,000 हून अधिक ओळींचं एक काव्य सांगितलं. अशा गायकाच्या तोंडून ठरलेला तुकडा बाहेर पडत असतो, तेवढ्यात त्याचं डोकं पुढच्या ओळीकडे गेलेलं असतं. ऐकणाऱ्यालाही तेवढा श्वास मिळतो. महाभारत किती अंशी असं तोंडी घडलं यावर विद्वानांचं एकमत नाही. पण तोंडी परंपरेचा डबा त्याच्या कर्त्यांच्या हाताशी होता, एवढं गीतेतल्या पेन्सिलीच्या खुणांवरून दिसतं.

मराठीत काम करायचं असेल तर हा डबा जसाच्या तसा उचलू नका. ज्ञानेश्वरांच्या ओवीला लघुगुरूचं असं बंधन नाही. तिच्या पहिल्या तीन चरणांना यमक हवं असतं. तिथेही किरीटी, धनुर्धरा, पांडुकुमरा, सुभटा अशा हाका सतत येतात, पण आता ‘किरीटी’ निवडायचा की ‘धनुर्धरा’, यात शेजारच्या चरणांच्या शेवटाचाही हात असतो. एकाच अर्जुनाला संस्कृतात अक्षरांच्या वजनावर आणि मराठीत शेवटच्या नादावर कपडे बदलावे लागतात.

नवशिक्यांची हमखास होणारी चूक शेवटी सांगतो. हाक कोणाला आहे हे न बघता अर्थ लावायचा. गीतेत बहुतेक ‘भारत’ अर्जुनाला आहेत. पण पहिल्या अध्यायाच्या चोविसाव्या आणि दुसऱ्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात बोलणारा संजय आहे, त्यामुळे ते भारत म्हणजे धृतराष्ट्र. आणि दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात तर मोठीच पंचाईत आहे. अर्धश्लोकाच्या शेवटी काही प्रतींत ‘परंतपः’ असा विसर्ग आहे. मग शत्रूला ताप देणारा तो अर्जुन, ज्यानं नुकतंच लढणार नाही म्हणून जाहीर केलं. काही प्रतींत विसर्ग नाही; मग ती हाक, आणि शत्रूला ताप देणारा ठरतो सिंहासनावर बसलेला आंधळा धृतराष्ट्र. दोघांपैकी कुणालाच ते त्या क्षणी शोभत नाही. छंदाला दोन्ही पाठ चालतात, कारण आठवं अक्षर लघु की गुरू हे तो विचारतच नाही. तेव्हा तुमच्या प्रतीत काय छापलंय ते आधी बघा.